पहिल्या माणसाचा पगार

नोकरीची बरीच वर्षं मी पगार ठरवण्याच्या कामात काढली. मोठ्या कंपनीत त्यासाठी एचआरमध्ये वेगळी टीम असते, तिला सगळे ‘सी अँड बी’ म्हणतात. दरवर्षी पगाराच्या सर्व्हेत भाग घ्यायचा, आपल्या माणसांचे आकडे सल्लागार संस्थेकडे द्यायचे आणि सगळ्या कंपन्यांचे मिळून आलेले आकडे वाचून आपल्या श्रेणी तपासायच्या, असं ते काम. तिथे एखाद्या पदाचा अंदाज थोडा चुकला तरी हजारो माणसांच्या पगारपत्रकात तो मुरून जातो.

माझ्या मावसभावाकडे काही मुरून जाण्यासारखं नव्हतं. भोसरीत त्याचा एक गाळा आहे. कारखान्यांना छोटे आरओ प्लांट आणि डोसिंग पंप बसवून देणं आणि मग वार्षिक करारावर त्यांची देखभाल करणं हा त्याचा धंदा. बाहेरचं सगळं तो पाहायचा. हिशेब, बिलं, वसुली वहिनी. एएमसीची गिऱ्हाइकं वाढली, तसा त्याचा सगळा दिवस साइटवर जायला लागला आणि नव्या ऑर्डरी मागे पडायला लागल्या. माणूस घेणं भाग होतं. त्याचा फोन आला तेव्हा प्रश्न साधा होता : “ताई, सर्व्हिस मॅनेजरचा पुण्यात काय रेट चाललाय?”

त्याच्या मनात एक मुलगाही होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पंपांच्या सर्व्हिसचा तीन-साडेतीन वर्षांचा अनुभव, पगार चोवीस हजार. अठ्ठावीस दिले तर उद्या येईल, असं भावाचं म्हणणं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पगार असाच ठरतो : आत्ता किती मिळतोय ते विचारायचं आणि वर पंधरा-वीस टक्के द्यायचे. मला ही पद्धत पहिल्यापासून खटकते. आधीच्या मालकानं कमी दिलं असेल, तर ते कमी देणं आपण नुसतं पुढे चालू ठेवतो. त्यात कामाची किंमत कुठेच येत नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, मुलाचा पगार क्षणभर बाजूला ठेव. आधी काम काय आहे ते मला लिहून दे.

पहिली गोष्ट म्हणजे आकडे कुठून आणायचे. माझ्या जुन्या कंपनीचे सर्व्हे माझ्या डोक्यात असले तरी ते वापरायचे नव्हते. ते अहवाल गोपनीयतेच्या करारावर मिळतात. नोकरीच्या जाहिरातींतले आकडे सहज मिळतात, पण जाहिरातीत असतो तो द्यायची तयारी असलेला पगार आणि तोही बऱ्याचदा इतका ऐसपैस लिहिलेला की ‘तीन ते आठ लाख’ यातून काही कळत नाही. लोकांनी स्वतःहून भरलेल्या माहितीत कुणी सीटीसी लिहितं, कुणी हातात येणारा पगार लिहितं. सल्लागार संस्थांच्या सर्व्हेत कंपन्या आपल्या पगारपत्रकातूनच प्रत्यक्ष दिले जाणारे आकडे देतात, त्यामुळे तो पाया पक्का असतो. पूर्ण अहवाल छोट्या कंपनीच्या आवाक्याबाहेरचा, पण काही संस्था निवडक पदांपुरता उतारा विकत देतात. भावानं तसा एक घेतला. पुढे जे आकडे देते आहे ते मी बदललेले आहेत, कारण अहवालातले छापता येत नाहीत. पण त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं आणि हिशेबाची रीत तीच ठेवली आहे.

आता कामाची यादी. भावानं पहिल्यांदा पाठवलं ते असं : ‘सर्व्हिस डिपार्टमेंट सांभाळणे, कस्टमर रिलेशन, टेक्निकल सपोर्ट.’ यावरून कुठलंच पद जुळवता येत नाही. मी त्याला सांगितलं, गेल्या महिन्यात तू स्वतः जे केलंस ते दिवसांत मांड, कारण हा माणूस तुझंच काम हलकं करायला येतोय. मग वहिनीनं सर्व्हिस रिपोर्टची फाइल काढली आणि दोघांनी मिळून महिन्याचे 26 दिवस वाटले. ठरलेल्या भेटी आणि तक्रारींसाठी साइटवर जाणं, म्हणजे टीडीएस आणि पीएचची रीडिंग घेणं, प्रेशर वाढलं असेल तर फिल्टर बदलणं, मेंब्रेन धुणं, डोसिंग पंपाचा डायाफ्राम तपासणं, यात 15 दिवस. नवीन प्लांट बसवून चालू करून देणं 4 दिवस. स्पेअरची कोटेशनं आणि एएमसीचं नूतनीकरण 4 दिवस. उरलेले 3 दिवस स्टॉक आणि खरेदी.

ही यादी समोर आल्यावर ‘मॅनेजर’ हा शब्द आपोआप गळला. सर्व्हेत प्रत्येक पदाचं चार-सहा ओळींचं वर्णन असतं. भाग घेणाऱ्या प्रत्येक कंपनीनं आपली माणसं त्या वर्णनाशी जुळवून दिलेली असतात. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय ते कुणी विचारत नाही. त्या अहवालात सर्व्हिस मॅनेजरच्या वर्णनात हाताखाली टीम, विभागाचं बजेट आणि माणसं घेण्याचा अधिकार होता. भावाच्या माणसाच्या हाताखाली कुणीही नसणार होतं. त्या पदाच्या आकड्यावर पगार ठरवला असता, तर भावानं दीडपटीहून जास्त पगार मोजून तेच काम करून घेतलं असतं.

जुळलं ते ‘फील्ड सर्व्हिस इंजिनिअर’. आमच्या कामात एक ठोकताळा आहे : कामाचा साधारण सत्तर टक्के भाग वर्णनाशी जुळला तर ते पद धरायचं, त्याहून कमी जुळलं तर दुसरं शोधायचं. इथे सर्व्हिसचे 15 आणि प्लांट चालू करून देण्याचे 4 मिळून 19 दिवस, म्हणजे 26 पैकी 73 टक्के. जुळणी बसत होती, पण काठावर. म्हणून उरलेल्या 7 दिवसांकडे नीट पाहावं लागलं.

छोट्या कंपनीत हा प्रश्न हमखास येतो, कारण पहिला माणूस कधीच एकाच पदाचं काम करत नाही. भावाचा आग्रह होता की तो कोटेशनही करणार, स्टॉकही पाहणार, मग तीन माणसांचं काम झालं ना? पण दिवस तर 26च. दोन पदांचे पगार एकत्र करून काही हाती लागत नाही. विचारायचं ते एवढंच, की हे जादा काम वेगळं भरायचं ठरलं तर त्याला मुख्य कामापेक्षा जास्त पगार लागतो का? कोटेशन आणि स्टॉक पाहणाऱ्या समन्वयकाचं पद त्याच अहवालात होतं आणि त्याचा पगार सर्व्हिस इंजिनिअरपेक्षा थोडा कमीच होता. म्हणून वर काही जोडायची गरज नव्हती. तेच 7 दिवस त्यानं प्लांटचे पीएलसी प्रोग्रॅम लिहायचे असते तर गोष्ट वेगळी होती. ते कौशल्य बाजारात महाग आहे. तशा वेळी मी मधल्या आकड्यावर पाच ते दहा टक्के चढवले असते.

पदानंतर पातळी. अहवालात सर्व्हिस इंजिनिअरच्या तीन पातळ्या होत्या. पहिला इतरांच्या देखरेखीखाली काम करतो. दुसरा गिऱ्हाइकाकडे एकटा जातो, नेहमीचे दोष स्वतः काढतो, अनोळखी दोषासाठी वरिष्ठाला विचारतो. तिसऱ्याकडे इतरांना न सुटलेले दोष येतात आणि तो नव्यांना शिकवतो. भावाला वाटत होतं, आपल्याकडे एकटाच असणार, सगळी जबाबदारी त्याचीच, म्हणजे तिसरी पातळी. छोट्या कंपनीत एकटेपणाला ज्येष्ठता समजण्याची ओढ असते. मी त्याला विचारलं, मेंब्रेन बदलायचं की धुऊन भागेल हे कोण ठरवणार? गिऱ्हाइकाला नवीन पंप घ्यायला कोण सांगणार? “ते मलाच फोन करून विचारेल,” भाऊ म्हणाला. त्या उत्तरावर दुसरी पातळी पक्की झाली. पातळी ठरते ती निर्णय कुणाचा यावरून, आजूबाजूला किती माणसं आहेत यावरून नाही.

मग आम्ही आकड्यांचं पान उघडलं. कुठल्याही सर्व्हेत एकाच पदाचे आकडे अनेक तऱ्हांनी कापून दिलेले असतात : सगळा देश, एकेक शहर, एकेक उद्योग, कंपनीची उलाढाल. भावाचा हात साहजिकच ‘पुणे’ या ओळीकडे गेला. आपलं गाव म्हणजे आपलाच बाजार, असं वाटणारच. पण त्या ओळीत पगारांच्या शेजारी दोन छोटे आकडे असतात, ते आधी वाचायचे असतात : किती कंपन्या आणि किती माणसं. पुण्याच्या ओळीत 6 कंपन्या होत्या आणि 38 माणसं. ठीक वाटतं. पण मधला पगार आणि पंच्याहत्तरावा पर्सेंटाइल यांच्यात तिथे जेमतेम सातशे रुपयांचा फरक होता. इतके सारखे पगार देणाऱ्या सहा वेगवेगळ्या कंपन्या असत नाहीत. एका कंपनीची पंधरा-वीस माणसं एकाच पगारश्रेणीत बसलेली असली की असं चित्र दिसतं. अहवालात दोन सरासऱ्या होत्या, एक प्रत्येक माणूस मोजून काढलेली आणि दुसरी प्रत्येक कंपनीला सारखं वजन देऊन. त्या दोहोंत चांगलं अंतर होतं, त्यावरून खात्रीच पटली. ती ओळ पुण्याचा बाजार सांगत नव्हती, एका मोठ्या कारखान्याची श्रेणी सांगत होती.

म्हणून आम्ही देशभराच्या अभियांत्रिकी उद्योगाची ओळ घेतली. तिच्यात 31 कंपन्या होत्या आणि आकडे अंतराअंतरानं चढत जात होते. उलाढालीनुसार सर्वांत छोटा गट शंभर कोटींच्या आतला होता, भावाच्या कंपनीच्या कितीतरी वरचा. पण या पदासाठी त्याची मला फार काळजी नव्हती. कंपनीच्या आकाराबरोबर प्रमुखाचा पगार झपाट्यानं वाढतो. साइटवर पाना घेऊन जाणाऱ्या माणसाचा तितका बदलत नाही, कारण छोट्या-मोठ्या सगळ्या कंपन्या तीच माणसं शोधत असतात.

वहिनी हिशेबात चोख. तिनं त्या पानावर एक गोष्ट पकडली आणि मला ती फार आवडली. मूळ पगार, घरभाडे भत्ता, इतर भत्ते, बोनस असे रकाने होते आणि प्रत्येकाखाली त्याचा त्याचा मधला आकडा होता. तिनं ते मधले आकडे जोडले आणि शेवटच्या ‘एकूण’ रकान्यातल्या मधल्या आकड्याशी ताडून पाहिले. जमेना. तिला वाटलं अहवालातच चूक आहे. चूक नव्हती. मूळ पगारात जो माणूस मधोमध उभा आहे, तोच भत्त्यांतही मधोमध असेल असं नाही. एखादी कंपनी मूळ पगार मोठा आणि भत्ते छोटे देते, दुसरी उलट. प्रत्येक रकान्याची रांग निराळी लागते. त्यामुळे पर्सेंटाइल एकमेकांत मिळवता येत नाहीत. जो आकडा हवा त्याच रकान्यात जाऊन वाचायचा.

आम्हाला कुठला रकाना हवा होता? इथे छोट्या कंपनीचा हिशेब मोठ्या कंपनीहून अगदी वेगळा होतो. सगळे बोलतात ते सीटीसीत. मोठ्या कंपनीच्या सीटीसीत मालकाचा पीएफचा हिस्सा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, आरोग्यविम्याचा हप्ता असतो, कामगिरीवर मिळणारा बोनस असतो. पीएफचा कायदा वीस माणसं झाल्यावर लागू होतो, ग्रॅच्युइटीचा दहा झाल्यावर. भावाकडे एक माणूस असणार. त्या अहवालात मधली सीटीसी वर्षाला 5 लाख 30 हजारांच्या घरात होती. मूळ पगार 21 हजार धरला, तर मालकाचा पीएफ 15 हजारांच्या मर्यादेवर बारा टक्क्यांनी महिन्याला 1,800, म्हणजे वर्षाला 21,600. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, सव्वीस दिवसांचा महिना धरून साधारण 12 हजार. त्यात विमा आणि बोनस मिळवले, की ऐंशी हजारांच्या आसपास रक्कम अशी निघते जी दर महिन्याच्या पगारात येतच नाही. भावानं सीटीसीला बारानं भागून महिन्याला 44 हजार काढले होते आणि तो धसकला होता. ते 44 हजार बाजारातल्या मधल्या माणसाला महिन्याला मिळत नव्हते. म्हणून आम्ही ‘निश्चित रोख पगार’ हा रकाना घेतला : दर महिन्याला हमखास मिळणारी रक्कम, कपातीच्या आधीची.

त्या रकान्यात पन्नासावा पर्सेंटाइल महिन्याला 34,400 होता. पण तो कधीचा? अहवालावर ‘1 एप्रिल’ असं लिहिलेलं होतं आणि आम्ही बसलो होतो नोव्हेंबरअखेर. जुने आकडे आजपर्यंत आणायची नेहमीची रीत सोपी आहे : बाजारात वर्षाला जेवढी पगारवाढ होते तिच्यातून गेलेल्या महिन्यांचा हिस्सा काढायचा. वर्षाला 9 टक्के धरले तर आठ महिन्यांचे 6 टक्के. परदेशी पुस्तकांत हेच सांगितलेलं असतं. आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. भारतात बहुतेक कंपन्यांची वाढ एप्रिलपासून लागू होते आणि पत्रं मे-जूनमध्ये हातात पडतात, मागची थकबाकी धरून. म्हणजे पगार महिन्यागणिक सरकत नाहीत, वर्षातून एकदा उडी मारतात. त्यामुळे 1 एप्रिलच्या आकड्यांत त्या वर्षीची उडी आहे की नाही, हे शोधल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अहवालाच्या शेवटी बारीक टाइपात पद्धतीची माहिती असते. तिथे लिहिलं होतं की आकडे त्या वर्षीच्या वाढीआधीचे आहेत. म्हणजे पूर्ण 9 टक्के चढवायला हवे होते. उलट वाढ धरलेली असती, तर पुढच्या एप्रिलपर्यंत फारसं काही चढवायची गरज नव्हती.

9 टक्के चढवल्यावर रांग अशी लागली : दहावा पर्सेंटाइल 26 हजार, पंचविसावा साडेएकतीस हजार, पन्नासावा साडेसदतीस हजार, पंच्याहत्तरावा 46 हजार.

पर्सेंटाइल म्हटलं की आपल्याला सीईटीचा निकाल आठवतो आणि जितका वर तितका हुशार असं वाटतं. भावानंही तसंच घेतलं. “पंचवीस म्हणजे नापासच की,” असं म्हणाला. पगारात त्याचा अर्थ निराळा. या पदावरची माणसं पगाराप्रमाणे ओळीनं उभी केली, तर पंचविसाव्या जागी उभ्या असलेल्या माणसाच्या मागे पाव लोक आहेत आणि पुढे पाऊण. तो कामात कमी आहे असं त्यातून निघत नाही. त्या पातळीवर नुकता आलेला माणूस सहसा खालच्या भागात असतो, काम पूर्ण हाती आलेला मधे असतो आणि वर्षानुवर्षं त्याच पातळीवर राहिलेला किंवा जास्त पगार देणाऱ्या कंपनीतला वर असतो. म्हणून मी मधल्या आकड्याला ‘काम पूर्ण येणाऱ्या माणसाची किंमत’ समजते आणि समोरचा माणूस तिथून किती अलीकडे आहे हे पाहते.

आता भावाचे अठ्ठावीस हजार या ओळीत ठेवून पाहिले. ते दहाव्या आणि पंचविसाव्याच्या मधे पडत होते, दहाव्याच्या जरा पुढे. तेच काम करणाऱ्या शंभरातल्या जवळजवळ ऐंशी-पंच्याऐंशी जणांना त्याहून जास्त मिळत होतं. त्या मुलाला सध्या मिळणारे चोवीस तर दहाव्याच्याही खाली होते.

मी पस्तीस हजार सुचवले. इथे आमचा खरा वाद झाला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. भाऊ म्हणाला, “ताई, तो अठ्ठाविसावर खुशीनं येतोय. मग मी पस्तीस का देऊ? मी काय धर्मादाय संस्था काढलीय?” प्रश्न रास्त होता. महिन्याला सात हजार म्हणजे वर्षाला चौऱ्याऐंशी हजार, आणि ते त्याच्या खिशातून जाणार होते. मी त्याला त्याच्याच गिऱ्हाइकांची यादी काढायला सांगितली. हा मुलगा महिन्यातले 15 दिवस कुठे असणार? चाकणच्या, तळेगावच्या कारखान्यांत, तिथल्या मेंटेनन्सच्या लोकांबरोबर. त्यांच्या पगाराच्या गोष्टी तो चहाच्या वेळी ऐकणार. त्यांच्यातलाच एखादा मॅनेजर, चांगला मुलगा दिसला की, “आमच्याकडे येतोस का?” म्हणणार. आपलं गिऱ्हाईक हाच आपल्या माणसाचा बाजार. आणि तो गेला तर त्याच्याबरोबर चाळीसेक प्लांटची माहिती जाणार : कुठल्या पंपाचा व्हॉल्व्ह अडकतो, कुठे पाणी कडक येतं. पहिला माणूस गेला की त्याची जागा घ्यायला दुसरा कुणी नसतो. मालकालाच परत पाना उचलावा लागतो. माणूस मिळवायला लागणारा पगार आणि टिकवायला लागणारा पगार हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि सर्व्हे दुसऱ्याबद्दल बोलतो. शिवाय, सरळच सांगायचं तर, एखाद्याला त्याच्या कामाची किंमत माहीत नाही याचा फायदा घेणं मला पटत नाही. मी ते भावाला तसंच सांगितलं.

वहिनीचा मुद्दा वेगळा होता आणि त्याला सर्व्हेत उत्तर नव्हतं. “बाजार काहीही म्हणो, दोन कारखान्यांनी बिलं नव्वद दिवस थांबवली तर पगार कुठून द्यायचा?” म्हणून आम्ही उलट बाजूनंही हिशेब केला. मुलगा आला की भावाचे महिन्याचे पंधरा-वीस दिवस मोकळे होणार, त्यात किती नवे प्लांट बसू शकतात आणि एएमसीची किती कामं आत्ता नाकारावी लागताहेत, हे तिनं मांडलं. पस्तीस हजार पेलत होते. सेहेचाळीस पेलले नसते. सर्व्हे बाजार दाखवतो, आपली ऐपत दाखवत नाही. दोन्ही आकडे जिथे एकमेकांवर येतात तिथेच बोलता येतं. आमचे येत होते. ते आले नसते तर पगार कमी करण्यापेक्षा काम कमी करायला हवं होतं : पहिल्या पातळीचा नवा डिप्लोमाधारक घ्यायचा आणि भावानं त्याच्याबरोबर साइटवर जात राहायचं. तीन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात टाकल्याशिवाय ऑफर द्यायची नाही, ही वहिनीची अट होती, आणि ती तिनं पाळून घेतली.

आकडा ठरला 35 हजार रोख, म्हणजे मधल्या आकड्याच्या 93 टक्के. तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा दुसऱ्या पातळीवर येतो, पण आरओ त्याच्यासाठी नवीन होतं. पंप येत होते, मेंब्रेन येत नव्हतं. ते शिकेपर्यंत मधल्या आकड्याच्या थोडं अलीकडे असणं बरोबर वाटलं, आणि पंचविसाव्याच्या बरंच पुढे. आरओची सर्व्हिस एकट्यानं करायला लागला की वर्षाच्या आत 37,500, असं ऑफर लेटरमध्येच लिहिलं, ‘योग्य वेळी विचार करू’ असं नाही. पेट्रोल आणि मोबाइल प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वेगळे, कारण ते पगारात घातले की पगार उगाच मोठा दिसतो आणि लांबच्या साइटवर जाणाऱ्याला तोटा होतो. कार्डावर पद ‘सर्व्हिस इंजिनिअर’.

ऑफर दिली त्या दिवशी मी गाळ्यावरच होते. मुलानं पत्र दोनदा वाचलं. पगाराबद्दल तो काही बोलला नाही. त्यानं विचारलं, “सर, पीएफ?” सध्याच्या ठिकाणी त्याचा पीएफ कापला जायचा. मला याचीच धास्ती होती, कारण रोख रकान्यानं आम्हाला योग्य आकडा दिला असला तरी बाजारातल्या बाकीच्यांना त्या रोखीच्या वर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विमा मिळतच होते. फक्त रोख जुळवली की पगार जुळला असं होत नाही. कायद्यात मालक आणि कामगारांच्या संमतीनं, वीसच्या आत माणसं असली तरी स्वतःहून पीएफ लागू करून घेता येतो. दरमहा 1,800 आणि किमान 500 रुपयांचा प्रशासकीय आकार, वर विम्याचे थोडे. वहिनीनं कॅल्क्युलेटर ओढला, भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, “करूया. पण नोंदणी होईपर्यंत एक-दोन महिने जातील, चालेल ना?” तो चालेल म्हणाला. आरोग्यविमा एकट्या माणसासाठी समूहाचा मिळेना, म्हणून त्याच्या नावानं घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता कंपनी भरेल असं ठरलं.

या सगळ्याचं एक पान मी त्यांच्या फाइलला लावून ठेवलं आहे : कामाचे 26 दिवस कसे वाटले, कुठलं पद आणि पातळी धरली, कुठली ओळ वापरली आणि पुण्याची का सोडली, अहवालाची तारीख, चढवलेले टक्के, निवडलेला आकडा आणि तो का. पुढच्या जूनमध्ये भावानं ते पान काढून स्वतःच नवीन वर्षाची वाढ चढवली. मधला आकडा चाळीस-एकेचाळीस हजारांच्या आसपास आला, आणि मुलगा तोवर आरओचं सगळं एकट्यानं करत होता. ठरलेल्या 37,500 वर थांबलं असतं तर तो मधल्याच्या बराच मागे पडला असता. भावानं 39 हजार केले. मला नुसतं कळवलं, विचारलं नाही.

आता दुसरा माणूस घ्यायचाय, गाळ्यात पॅनेल वायरिंग करायला. भावानं यावेळी फोन करायच्या आधीच दिवस वाटून पाठवलेत.